‘आणि मग तो गेला’च्या पुढे

एनएसएसच्या कॅम्पला किंवा एखाद्या वस्तीवरच्या रविवारच्या वर्गाला गेला असाल, तर हा खेळ तुम्ही घेतलाच असेल. मुलांना गोल बसवायचं, ‘एक होता राजा’ म्हणून सुरुवात करायची आणि प्रत्येकाने एकेक वाक्य जोडत जायचं. साहित्य शून्य, गोंधळ भरपूर, फोटो झकास. लाजरी मुलं यातून बोलायला लागतात, त्यांचे शब्द वाढतात, असं आपण मानतो. माझं मत वेगळं आहे. आपण हा खेळ ज्या पद्धतीने घेतो, त्यात नेमकं तेच मूल मागे पडतं.

तीस मुलांच्या गोलात बाविसाव्या नंबरवर बसलेल्या मुलाकडे एकदा नीट बघा. तो गोष्ट ऐकतच नसतो. आपल्या आधी किती डोकी राहिली, ते मोजत असतो. मनात एक वाक्य तयार करतो, तेवढ्यात गोष्ट जंगलातून थेट विमानात पोचते आणि ते वाक्य बाद होतं. मग साठ डोळे त्याच्यावर. ‘आणि मग तो गेला.’ सुटला बिचारा! अर्ध्या तासात तो बोलला चार शब्द, आणि चारही त्याला आधीपासून येत होते.

म्हणजे नवा शब्द या खेळात आपोआप येत नाही. तो कुणीतरी आणावा लागतो, आणि तो कुणीतरी म्हणजे तुम्ही.

धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर आम्ही हे बदलून पाहिलं. सहा मुलं, सातवी मी. राजाबिजा नाही, मुलांच्या रोजच्या बघण्यातली एसटी. मी सुरुवात केली, “खच्चून भरलेल्या एसटीत एक शेळी चढली.” अख्ख्या गोष्टीसाठी नवे शब्द दोनच ठरवले होते : ‘खच्चून’ आणि ‘ओशाळणे’. पहिला मुलगा म्हणाला, “कंडक्टर म्हणाला, तिकीट काढ.” दुसरी होती महिनाभरात वर्गात तोंड न उघडलेली मुलगी. तिला मुद्दाम दुसरी बसवलं होतं. पहिली पाळी म्हणजे कोरी पाटी, आणि शेवटची म्हणजे वाट बघण्याची शिक्षा.

ती गप्प. इथे आपला हात शिवशिवतो, ‘बरं, पुढचा!’ म्हणावंसं वाटतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधलं हेच थांबणं मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद किंवा जास्त थांबले, की उत्तरं लांब होत आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलत. मी मनात पाच आकडे मोजले. मग म्हटलं, “आधीचंच वाक्य परत म्हटलंस तरी चालेल.” ही सवलत सगळ्यांनाच होती, त्यामुळे त्यात कमीपणा नव्हता.

ती हळूच म्हणाली, “बकरी खाले बसनी.” अहिराणीत. एक पोरगा फिसकन हसला. ‘नीट मराठीत सांग’ म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. मी म्हटलं, “हो ना, शेळी खालीच बसली, कारण गाडी खच्चून भरली होती!” तिचं वाक्य गोष्टीत राहिलं, प्रमाण मराठीतलं रूप तिच्या कानावर पडलं आणि ‘खच्चून’ दुसऱ्यांदा आला. पुढच्या फेरीत शेळीने कंडक्टरच्या हातातलं तिकीटच खाल्लं (ही कल्पना मुलांची, माझी नाही) आणि तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना सांगितली. सगळ्या गटासमोर न बोलणारं मूल एका मैत्रिणीला बरंच सांगतं.

अडचणी येतातच. प्रत्येक गटात तिसऱ्या वाक्याला सगळ्यांना मारून टाकणारा एक बहाद्दर असतो. त्याला रागावू नका, “हे कुणी पाहिलं?” असं विचारा, गोष्ट पुढे सरकते. तीस मुलं असतील तर पाच गट करा आणि पाच व्हॉलंटिअर न्या. एकटेच असाल तर एका वेळी एकच गट घ्या, बाकीच्यांना चित्रं काढू द्या.

आणि खेळ जमला की नाही, हे त्याच दिवशीच्या हशा-टाळ्यांवरून ठरवू नका. आठवड्याने, गोष्ट सोडून दुसऱ्याच बोलण्यात तो शब्द येतो का, त्यावर कान ठेवा. आमचा ‘ओशाळला’ साफ फसला, सहापैकी एकाच्याही तोंडी आला नाही. बहुधा तो एकदाच आला म्हणून. पण आठ दिवसांनी खिचडीच्या रांगेत तीच मुलगी ताट पुढे करत म्हणाली, “ताई, खच्चून भरा.”