नाश्ता दहापर्यंत म्हणजे नक्की कधीपर्यंत?

महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं घ्या किंवा सांगली-मिरजेच्या खानावळी, भिंतीवर पाटी साधारण एकाच वळणाची असते : ‘नाश्त्याची वेळ ८ ते १०. वेळेनंतर नाश्ता मिळणार नाही. वाद घालू नये.’ आणि रोज दहाच्या ठोक्याला नेमका वादच होतो. पैसे मोजून बोलणी का खायची? आणि वेटरने तरी, जी वेळ त्याने ठरवलीच नाही, तिच्यासाठी शिव्या का ऐकायच्या? म्हणून हे मुद्दे.

१. पाटीवर वेळ एक असते, व्यवहारात तीन असतात : आत येण्याची, पदार्थ उचलण्याची आणि टेबल सोडण्याची. सूर्योदय बघायला विल्सन पॉइंटवर गेलेलं कुटुंब पावणेदहाला हॉटेलवर परततं. आजोबांना बसवून, पोरांचे हात धुऊन ताट हाती घेईपर्यंत दहा वाजतात आणि पोह्यांच्या भांड्यावर झाकण पडतं. पाटीप्रमाणे हॉटेलवाला बरोबर, पाटीप्रमाणेच पाहुणाही बरोबर. शिवाय नाश्त्याचे पैसे खोलीभाड्यात आधीच गेलेले. आता हे वाचा : ‘नाश्ता सकाळी ८ ते १०. पदार्थ १० वाजता उचलतो. ताट वाढून घेतल्यावर १०.३० पर्यंत निवांत बसा.’ तीन छोटी वाक्यं, भांडणाला जागाच नाही. रात्रीचंही तसंच : ‘शेवटची ऑर्डर १०.३०. हॉटेल ११.१५ ला बंद. १०.३० नंतर फक्त दहीभात आणि ताक मिळेल.’ काय मिळणार नाही याच्या जोडीला काय मिळेल हेही सांगितलं की उशिरा आलेला माणूस उपाशी परतत नाही. जी पाटी यातली एकच वेळ सांगते, ती अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणाची भरपाई गिऱ्हाइकाने करायची नाही.

२. आपल्याकडे पाटीचा सूर एक तर पोलीस ठाण्याचा, नाही तर लग्नपत्रिकेचा. एकीकडे ‘सक्त मनाई’, दुसरीकडे ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांस नम्र विनंती करण्यात येते की’. या दुसऱ्या प्रकारात वेळ चौथ्या ओळीत येते आणि तोवर वाचणारा पुढे गेलेला असतो. वेळ सगळ्यात आधी, मोठ्या अंकांत हवी. ‘कृपया’ एकदा पुरे. ‘वाद घालू नये’ हे तर ताबडतोब पुसा. आलेला माणूस भांडखोर आहे असं गृहीत धरणारी पाटी स्वागताची असूच शकत नाही.

३. पाटी सगळेच वाचत नाहीत, म्हणून तोंडी सांगावं लागतं. एसटीचा कंडक्टर ढाब्यावर काय म्हणतो? ‘गाडी वीस मिनिटं थांबेल.’ हातात किती वेळ आहे ते कळलं, विषय संपला. वेटरनेही पंधरा मिनिटं आधी टेबलापाशी येऊन एवढंच म्हणावं, ‘काका, पंधरा मिनिटांत पदार्थ उचलतो. अजून काही आणू का?’ त्याऐवजी आपल्याकडे पंखे बंद होतात, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात, जेवणाऱ्याच्या पायाशी फडका फिरतो. मंगल कार्यालयात तर माइकवरून दहादा सांगतात, ‘जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये.’ वाढप कधी थांबणार हे मात्र एकदाही नाही; मग आहेराच्या रांगेत अडकलेली मावशी रिकाम्या भांड्यांपुढे उभी राहते. ‘बुफे तीन वाजेपर्यंत आहे’ हे जोडायला माइकवर किती वेळ लागतो? वेळ आधी न सांगता पंखा बंद करणं हा सरळ उद्धटपणा आहे.

४. बंद करण्यामागे कारण असतं, ते लपवू नका. गरम पदार्थ ६० अंशांच्या वरच ठेवावे लागतात. खालची आच विझली की उपमा किंवा रस्सा कोमट होतो आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिवाय त्याच आचाऱ्याला दुपारचं जेवण लावायचं असतं. ‘अन्न ताजे राहावे म्हणून १० वाजता पदार्थ उचलतो’ एवढी एक ओळ पुरते. पण मग ती सगळ्यांना लागू करा. दहा वाजून वीस मिनिटांनी एखाद्या पुढाऱ्याची गाडी दारात थांबली आणि झाकणं पुन्हा उघडली, तर बाकीच्यांनी नियम का पाळावा? ओळखीपुढे वाकणारी वेळ ही वेळ नसून मेहेरबानी आहे.

५. मिरजेचं वेगळं सांगायला हवं. इथल्या दवाखान्यांत सीमेपलीकडून कन्नड बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांचे नातेवाईक रात्री उशिरा औषधांच्या पिशव्या घेऊन खानावळ शोधतात. दारावरचं नाव मराठीत हवं हा कायदा २०२२ च्या दुरुस्तीने सगळ्या दुकानांना लागू झाला आणि ते योग्यच आहे. पण वेळेच्या मराठी पाटीखाली शेवटच्या ऑर्डरची एक ओळ कन्नडमध्ये लिहायला कोणता कायदा आडवा येतो? ती ओळ आत नको, बाहेर दारावर हवी. रांगेत अर्धा तास उभं राहून ‘जेवण संपलं’ ऐकायची पाळी दवाखान्यातून आलेल्या माणसावर येत असेल, तर दोष खानावळीच्या मालकाचा आहे.