ग्रुप नवा काढू नका, जुना नंबर परत आणा




शाळेच्या पालक ग्रुपचा अ‍ॅडमिन असलेल्या शिक्षकाचा फोन हरवला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, "त्यात काय, नवा ग्रुप काढू. पाच मिनिटांचं काम." माझं चारोटी नाक्यावर रिचार्जचं आणि सिमकार्डांचं दुकान आहे आणि माझा मुलगा इथल्याच एका शाळेत सातवीत आहे. या पाच मिनिटांच्या कामाचे पंधरा दिवस कसे झाले, ते मी दोन्ही नात्यांनी पाहिलं आहे. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे.

त्याच्या वर्गशिक्षकांचा फोन जुलैच्या पहिल्या आठवड्यात कासा–चारोटी रस्त्यावर रेनकोटच्या खिशातून पडला. ग्रुपवर ६४ नंबर आणि अ‍ॅडमिन एकटे सर. शिवाय फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज टाकायचा, अशी सेटिंग. ती मुद्दाम केलेली होती आणि तिला माझा पाठिंबा आहे. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्याला जमावाने तिघांचा जीव कसा घेतला आणि त्याआधी मुलं पळवणाऱ्यांच्या कसल्या अफवा फिरत होत्या, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पण या सेटिंगमुळे सरांचा फोन गेला आणि ग्रुप मुका झाला. दोन दिवसांनी संध्याकाळी पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली. आम्हा ६३ जणांपैकी एकालाही ते ग्रुपवर टाकता येईना. पाड्यांवरची पोरं सकाळी छत्र्या घेऊन शाळेच्या बंद फाटकापर्यंत आली आणि भिजत परत गेली.

मग नवा ग्रुप निघाला. सरांनी नवा फोन घेतला आणि घाईत नवं सिमही घेतलं. पालकांचे नंबर जुन्या फोनमध्ये, म्हणून आठवतील तेवढ्यांना लिंक गेली. आठवड्याभरात ३१ जण आले. बाकीच्यांना अनोळखी नंबरवरून "मी सर बोलतोय, या लिंकवर या" असा मेसेज आला आणि त्यांनी तो उघडलाच नाही. त्यांचं काय चुकलं? असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका, हेच तर आपण त्यांना रोज सांगतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांत एक फोन तिघांत फिरतो. तिथे आज नंबर सुटला की तो पुन्हा हाती लागेल याची खात्री नाही.

खरी गोष्ट अशी की व्हॉट्सअ‍ॅपचं खातं फोनच्या डब्यात नसतं, ते नंबरावर असतं. फोन हरवला तरी सर ग्रुपवर होतेच आणि अ‍ॅडमिनही होतेच. Group info उघडलं की त्यांच्या नावापुढे तसं लिहिलेलं कुणालाही दिसत होतं. त्याच नंबराचं डुप्लिकेट सिम काढून नव्या फोनवर नोंदणी केली की ग्रुप आणि अ‍ॅडमिनपद दोन्ही परत येतात, आणि जुन्या फोनवरचं खातं आपोआप बंद होतं. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. नुसतं सिम बंद करून भागत नाही, कारण फोन उघडता आला तर वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहू शकतं. पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर आयएमईआय बंद करावा, जरूर करावा, पण त्याने बंद होतो तो हँडसेट. ज्याला फोन सापडला त्याने सरांच्या नावाने फीसाठी क्यूआर कोड टाकला असता, तर ६३ पालकांनी तो खरा मानला असता.

मग जुना नंबरच परत आणायचं ठरलं, पण आमचं घोडं अडलं ते सिमपाशी. सरांचं सिम त्यांच्या भावाच्या नावावर, आणि भाऊ सिल्वासाला कामाला. डुप्लिकेट मिळतं ते ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच. माझ्या दुकानात येणाऱ्या दर चार-पाच जणांत एकाची हीच गत असते. भावाला सुट्टी मिळून तो डहाणूला येईपर्यंत नऊ दिवस गेले. संध्याकाळी सिम सुरू झालं आणि सर ओटीपीची वाट बघत बसले. तो येईना. त्यांनी पुन्हा मागवला, पुन्हा मागवला, शेवटी स्क्रीनवर थांबायची वेळच मोजायला लागली. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतो. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तसा आदेश काढला आहे. कॉल मात्र येतात. म्हणून ती वेळ संपल्यावर आम्ही Call me दाबलं, कॉलवरच्या बाईने सहा आकडे वाचून दाखवले आणि ग्रुप समोर आला. बॅकअप नसल्यामुळे जुने मेसेज गेले, पण ६४ च्या ६४ नंबर जागेवर होते. सरांनी लगेच मुख्याध्यापकांना आणि एका पालक ताईंना अ‍ॅडमिन केलं. नाव दाबून धरायचं आणि Make group admin म्हणायचं, एवढंच ते काम.

हे सगळं आटोपल्यावर कळलं की सरांचं व्हॉट्सअ‍ॅप शाळेच्या कॉम्प्युटरवर जोडलेलं होतं. मी कपाळावर हात मारला. जोडलेला कॉम्प्युटर मूळ फोन बंद असतानाही १४ दिवसांपर्यंत चालतो आणि तिथूनही दुसरा अ‍ॅडमिन करता येतो. म्हणजे नऊ दिवस हे काम शाळेच्या टेबलावर पडून होतं आणि आम्ही सिल्वासाची वाट बघत होतो. नव्या फोनवर नोंदणी झाली की ती जोडणी तुटते, त्यामुळे कॉम्प्युटर बघायचा तो सिमच्या आधी.

"नंबर कायमचाच गेला तर?" असं कुणी विचारेल. तर मात्र नवा ग्रुप काढावाच लागेल, कारण जुना ग्रुप वाट बघून सुटत नाही. बंद पडलेलं खातं साधारण १२० दिवसांनी पुसलं जातं आणि एकमेव अ‍ॅडमिन गेला की सदस्यांतला कुणीतरी आपोआप अ‍ॅडमिन होतो. तो कोण, हे आपल्या हातात नाही. ज्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेला, असाही नंबर निघू शकतो. अशा वेळी जुन्या ग्रुपमधली नंबरांची यादी कुठल्याही सदस्याला Group info मध्ये दिसते, ती उतरवून घ्यावी आणि पालक सभेत समोरासमोर नवा ग्रुप करावा. अनोळखी नंबरवरून लिंका वाटू नयेत.

दुसरा अ‍ॅडमिन व्हायला पालक तयार नसतात, हीही अडचण आहे. "उद्या कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला विचारतील." मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या ताईंना मी हे दोनदा समजावलं, तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या.

शाळा व्यवस्थापन समित्यांकडे माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर किमान दोन अ‍ॅडमिन असावेत, आणि त्यातला एक नंबर शाळेचा असावा, कुणा शिक्षकाचा खासगी नको. शिक्षकाची बदली झाली तरी हाच घोळ होतो, त्याला फोन हरवायलाच लागतो असं नाही. आमच्या शाळेने तसं सिम घ्यायचं ठरवलं आहे. ते कुणाच्या नावावर घ्यायचं, यावर येत्या शनिवारी बैठक आहे. मी जाणार आहे, आणि सरांच्या भावाचं नाव सुचवणार नाही, एवढं नक्की.

आपला,
एक पालक, चारोटी (ता. डहाणू)