तारीख हवी, पण नियमासकट

डिसेंबर आला की कार्यालयांत आणि पतसंस्थांत पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी तयार होते. पुष्कळ ठिकाणी ती 'तयार' होत नाही. जुनी एक्सेल फाइल उघडून तिच्यातले वर्ष बदलले जाते. ही पद्धत बंद व्हायला हवी, कारण यादीतल्या सगळ्या तारखा एका जातीच्या नसतात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर यांची तारीख पक्की असते, वार बदलतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचे उलट आहे: वार पक्का, तारीख बदलती. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका या दोन शनिवारी बंद असतात आणि बाकीचे शनिवार पूर्ण दिवस चालू असतात. तिसरी जात होळी, दिवाळी, ईद अशा सणांची. त्यांच्या तारखा शासनाच्या अधिसूचनेतून पाहूनच भराव्या लागतात. त्यांना साधे सूत्र लागू पडत नाही.

जुन्या फाइलमध्ये वर्ष बदलण्याने नेमकी दुसरी जात बिघडते. २०२७ च्या जानेवारीतला दुसरा शनिवार ९ तारखेला आहे. वर्ष तेवढे २०२८ केले, तर ९ जानेवारीला रविवार येतो. खरा दुसरा शनिवार ८ तारखेला असतो. २०२८ लीप वर्ष असल्याने मार्चपासून चूक आणखी एका दिवसाने वाढते: १३ मार्च २०२७ हा शनिवार, तर १३ मार्च २०२८ सोमवार. यादी दिसायला नीटनेटकी असते, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. बँक बंद असलेल्या दिवशी हप्त्याची तारीख पडते, तेव्हा कळते.

उपाय एका ओळीचा आहे. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांतच येतो, म्हणजे १५ तारखेच्या आधीचा सर्वांत जवळचा शनिवार तोच. B1 मध्ये वर्ष लिहावे, A4 ते A15 मध्ये १ ते १२ हे महिन्यांचे आकडे, आणि B4 मध्ये हे सूत्र:

```
=DATE($B$1,A4,15)-WEEKDAY(DATE($B$1,A4,15))
```

WEEKDAY रविवारला १ आणि शनिवारला ७ देते. १५ मे २०२७ शनिवार आहे, म्हणून १५ मधून ७ गेले, उत्तर ८ मे. १५ ऑगस्ट २०२७ रविवार आहे, म्हणून १ गेला, उत्तर १४ ऑगस्ट. चौथ्या शनिवारसाठी C4 मध्ये `=B4+14` पुरे. दोन्ही सूत्रे खाली ओढली की वर्षाचे चोवीस शनिवार हाती येतात. तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली, तर त्या रकान्याला तारखेचे स्वरूप द्यावे. पक्क्या तारखाही `=DATE($B$1,5,1)` अशाच लिहाव्यात. हाताने टाइप केलेली ९/१ काही संगणकांवर १ सप्टेंबर होऊन बसते.

यानंतर एक तपासणी उरते. पक्की सुट्टी दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी आली, तर एकच दिवस दोनदा मोजला जातो. २५ डिसेंबर २०२७ हा चौथा शनिवार आहे, त्यामुळे नुसत्या बेरजेत एक सुट्टी जास्त दिसेल. १ मे आणि २ ऑक्टोबर हेही त्या वर्षी शनिवारीच येतात, पण ते पहिले शनिवार आहेत. बँका एरवी चालू असत्या, म्हणून त्या सुट्ट्या वेगळ्या मोजायच्या. १५ ऑगस्टची तर अशी गाठ कधीच पडणार नाही, कारण १५ तारखेला शनिवार आला तर तो तिसराच असतो. हे तर्क नियम डोळ्यांसमोर असला तरच सुचतात. छापील तारखांच्या रांगेकडे पाहून सुचत नाहीत.

म्हणून प्रत्येक यादीत तारीख, वार आणि सुट्टीचे नाव यांच्या जोडीला चौथा रकाना असावा: 'आधार'. त्यात 'पक्की तारीख', 'दुसरा शनिवार' किंवा 'अधिसूचना' यांपैकी एक नोंद असावी. पुढच्या वर्षी फाइल उघडणाऱ्याला मग कळेल की कोणत्या ओळी B1 मधले वर्ष बदलल्यावर आपोआप बरोबर होतात आणि कोणत्या ओळी अधिसूचना येईपर्यंत कोऱ्या ठेवायच्या. जी तारीख अजून जाहीर झालेली नाही, तिथे गेल्या वर्षीची तारीख ठेवण्यापेक्षा कोरा रकाना अधिक प्रामाणिक आहे.