कोरम भरला नाही, म्हणजे सभा टळली?

सोसायटीच्या कमिटीवर प्रथमच आलेल्या एका वाचक भगिनी विचारतात, सभेतल्या या शब्दांचा अर्थ काय? अजेंडा म्हणजे विषयपत्रिका. ती नोटिशीबरोबरच येते. 'पाण्याची टाकी दुरुस्त करावी' असे कोणी मांडले की तो प्रस्ताव; अनुमोदन मिळून बहुमताने मंजूर झाला की ठराव. खरा घोटाळा होतो तो कोरमचा.

महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी आकडा हजर लागतो. २४ सभासद असतील तर १६. रात्री ८ च्या सभेला १३ च आले, तर अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब होते. पुष्कळांना वाटते, संपले! पण नोटिशीत तसे लिहिले असेल तर तीच सभा ९ वाजता पुन्हा भरते, नाही तर ७ ते ३० दिवसांत. तेव्हा कोरमची अट उरत नाही. घरी बसून खर्च अडवू म्हणणाऱ्यांना मग १३ पैकी सात जणांनी मंजूर केलेली वर्गणी भरावी लागते. विषय मात्र जुन्याच अजेंड्यावरचे हवेत.

मिनिट्स म्हणजे इतिवृत्त. त्यात हजेरी, सूचक, अनुमोदक आणि मते हवीत, भाषणे नकोत. कमिटीच्या सभेत एखादा ठराव आपल्याला पटला नाही, तर आपला विरोध नावानिशी लिहून घ्यायला सांगा. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी कायद्याने सर्व सदस्यांवर संयुक्तपणे असते, आणि गप्प बसलेल्याचा विरोध कागदावर दिसत नाही.