ती फाइल आहे तशीच पाठव

दोस्ता, एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाकडून होणार नाही. पुण्याला जाताना फोन बदललास, तेव्हा आपल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधलं सगळं बोलणं एक्स्पोर्ट करून स्वतःलाच मेल केलं होतंस. ती फाइल मला हवी आहे.

कशासाठी, तर जमिनीखालच्या आवाजांसाठी. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत काही वर्षांपासून जमीन गुरगुरते, हे वसमत, औंढा, कळमनुरीत कुणाला सांगावं लागत नाही. मोठ्या धक्क्यांची नोंद सरकारकडे आहेच. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ रिश्टरचा धक्का बसला, दहाएक मिनिटांनी ३.६ चा. पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ चा. पण ज्या आवाजाने नुसती मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले आणि लोक अंगणात आले, त्यातले कितीतरी यंत्राच्या यादीत सापडणार नाहीत. ते सापडतील ग्रुपवर. ‘आत्ता आवाज आला का?’, ‘आमच्याकडं हालंल बी’, ‘इकडं काईच नाही’ अशा ओळींत.

मग ग्रुपवरून आज नवी फाइल का काढत नाही, असं तू विचारशील. काढून पाहिली. मीडिया न घेता एक्स्पोर्ट केलं तर व्हॉट्सअ‍ॅप शेवटचे ४०,०००च मेसेज देतं, आणि फोटोंसकट केलं तर १०,०००. मोजणी आजपासून मागे जाते आणि त्यात सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक, हळदीचे भाव सगळं मोजलं जातं. आपल्या मंडळींचा उत्साह तुला माहीत आहे. जुनी वर्षं त्या फुलांखाली गाडली गेली. शिवाय हे बोलणं कंपनीकडे साठवलेलं नसतं. ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये असतं. फोन बिघडला आणि बॅकअप नसला की संपलं. नंतर ग्रुपमध्ये आलेल्याला आधीचं बोलणं बहुधा मिळतच नाही. म्हणून तुझी प्रत हवी.

मेलमध्ये `WhatsApp Chat` असं शोध. अँड्रॉइडवरून काढली असेल तर `.txt` फाइल असेल. आयफोनवरून असेल तर झिपमध्ये `_chat.txt` सापडेल. तीच मेलने पुढे पाठव. स्क्रीनशॉट नकोत, मजकूर कॉपी करून पाठवणंही नको. आणि कृपा करून उघडून ‘नीट’ करू नकोस. सुप्रभात काढून टाकावेसे वाटतील, तरी राहू दे. एक्सेलमध्ये तर उघडूच नको, ते आपल्या मनाने तारखा फिरवतं.

तारखांचाच खरा घोटाळा होतो. फाइलमधली तारीख ज्याने एक्स्पोर्ट केलं त्याच्या फोनच्या पद्धतीने पडते. तुझा तेव्हाचा फोन अमेरिकन पद्धतीवर असेल, तर १० जुलै २०२४ तिथे `7/10/24` असा दिसेल, आणि मी तो सात ऑक्टोबर समजून बसेन. ओळखायची खूण सोपी आहे. फाइलमध्ये `25` किंवा `30` हे आकडे पहिल्या जागी आहेत की दुसऱ्या, ते पाहायचं. मग १० जुलैच्या सकाळी सव्वासातनंतर एकाच वेळी पन्नास जण ‘हालंल का’ विचारताहेत, ती जागा शोधायची. तुझी फाइल त्याच्या आधीची असेल, तर यादीतला दुसरा एखादा जुना धक्का धरू.

या नोंदींतून काय निघेल याची हवा मात्र करू नये. अँड्रॉइडच्या फाइलमध्ये मेसेजची वेळ मिनिटापर्यंतच असते आणि धक्का सेकंदाला काही किलोमीटर पळतो; सगळा तालुका तो काही सेकंदांतच ओलांडतो. त्यामुळे कुणाचा मेसेज आधी आला यावरून धक्क्याचं ठिकाण सांगता येणार नाही. लोक आधी बाहेर पळतात, मग टाइप करतात. रेंज नसली तर मेसेज अडकून राहतो. ज्या रात्री कुणी काही लिहिलं नाही, त्या रात्री जमीन गप्प होती असंही नाही. लोक झोपलेले असतील. पण कुठल्या गावात भांडी पडली, कुठे नुसता आवाज झाला, कुठे काहीच नाही, हे गावनिहाय नकाशावर मांडता येतं. आवाज कोणत्या महिन्यांत जास्त येत होते, हेही काही प्रमाणात दिसतं. भूकंप अभ्यासणाऱ्याला एवढंही उपयोगाचं आहे.

आणखी एक. फाइलमध्ये माणसं तुझ्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या नावांनी येतील. ‘पंपवाले बापू’ कुठल्या गावचे आणि ‘मामा नवीन’ कोण, हे तुलाच माहीत. तेवढी यादी वेगळी लिहून दे, कारण गाव कळल्याशिवाय नोंदीला अर्थ नाही. ज्यांचे नुसते नंबर आहेत ते मी दुसऱ्या कुणाला देण्याआधी काढून टाकीन. आजारपणाचं, उसनवारीचं बोलणंही. मूळ फाइलला हात लागणार नाही, काम दुसऱ्या प्रतीवर करू.

आणि तुझ्यासारखेच शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडलेले आपले बाकीचेही हे वाचत असतील तर त्यांनीही मेल चाळावा. कुणाची प्रत २०१९ ला थांबली असेल, कुणाची नंतर. ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो चालेल. दोन प्रतींत तोच मेसेज आला तरी बिघडत नाही, उलट वेळ पडताळून पाहता येते. तू मात्र आज रात्रीच बघ, त्या जुन्या मेलचा पासवर्ड तुला आठवतोय तोवर.