उतरवलेला संच शिळा होतो तेव्हा

आमच्या मोहल्ल्यातील अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी आणि रेल्वेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. त्यांच्यासाठी आम्ही काही जणांनी मिळून सराव प्रश्नांचे मोबाईल ॲप केले. घरी नेट नसले तरी अभ्यास अडू नये म्हणून पन्नास-पन्नास प्रश्नांचे संच एकदा डाउनलोड करून घ्यायचे. नुसता मजकूरच असल्याने असा संच मोबाईलने काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान असतो.

अडचण पुढे आली. एका संचात प्रश्न होता, भारतात केंद्रशासित प्रदेश किती? जुन्या गाईडवरून आम्ही उत्तर ९ टाकले होते. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले तेव्हा ७ चे ९ झाले, हे खरे. पण २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, तेव्हापासून ८ आहेत. सर्व्हरवर आम्ही चूक सुधारली, मुलांच्या मोबाईलमध्ये मात्र ९ च राहिले.

म्हणून प्रत्येक संचाला आवृत्ती क्रमांक दिला. सर्व्हरवर फक्त संचांची नावे आणि हे क्रमांक असलेली छोटी यादी ठेवली. नेट मिळाले की ॲप ती यादी पाहते आणि क्रमांक वाढलेला संचच पुन्हा आणते. नवा संच आधी वेगळ्या नावाने साठवतो. सगळे प्रश्न आले की नाही ते मोजूनच जुना काढतो, नाहीतर नेट मध्येच तुटले की हातचा संचही जायचा.

एवढ्यावर भागले असे वाटले. मग एका मुलीने विचारले, “आपा, जे प्रश्न माझे चुकलेच नव्हते ते ‘चुकलेल्या’त कसे आले?” दोष आमचाच होता. कोणाचे काय चुकले याची नोंद आम्ही प्रश्नाच्या अनुक्रमांकावर ठेवली होती. दुबार आलेला बारावा प्रश्न काढला, तेरावा बाराव्या जागी आला आणि पुढच्या सगळ्या नोंदी सरकल्या.

आता प्रत्येक प्रश्नाला `POL-0412` असा कायमचा क्रमांक आहे. तो दुसऱ्या प्रश्नाला कधी देत नाही. काढायचा प्रश्न पुसत नाही, ‘रद्द’ अशी खूण करतो. शुद्धलेखन सुधारले तर क्रमांक तोच राहतो. उत्तर बदलले तर जुना प्रश्न रद्द करून नवा क्रमांक देतो. ही शेवटची गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. त्याच मुलीने ९ निवडले होते, ॲपने हिरवी खूण दिली होती, आणि बरोबर आलेला प्रश्न ॲप पुन्हा विचारत नाही. आम्ही उत्तर सुधारले तरी तिला ते कधी दिसलेच नसते.

नवा क्रमांक दिल्यावर तो प्रश्न ‘उत्तर बदलले आहे’ या सूचनेसह तिच्यापुढे पुन्हा आला.