विश्लेषण : खारेपाटण नाक्यावर जास्त दारू पकडली, म्हणजे काम चांगलं झालं का?

मुंबई-गोवा महामार्गावरून गोव्याकडून येताना सिंधुदुर्ग जिल्हा संपतो तो खारेपाटणला. कणकवली तालुक्यातलं हे शेवटचं मोठं गाव. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका सुरू होतो. गावाजवळ महामार्गावर पोलिसांचा तपासणी नाका आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा नाका आहे. गोव्यातून स्वस्त दारू घेऊन मुंबईकडे निघालेली गाडी सरळ महामार्गाने गेली, तर तिला हे दोन्ही नाके पार करावे लागतात.

'गोवा बनावटीची दारू जप्त, वाहनासह अमुक लाखांचा मुद्देमाल हस्तगत' ही बातमी कोकणात नवीन नाही. अशा बातम्या वाढल्या की कारवाई जोरात आहे, असं आपण म्हणतो. पण हाच आकडा सरकारी कामाचं मोजमाप म्हणून धरला तर काय होतं?

सरकारी कामाला गुण द्यायची पद्धत कुठून आली?

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये 'उद्दिष्टानुसार व्यवस्थापन' ही कल्पना मांडली. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांनी मिळून मोजता येतील अशी उद्दिष्टं ठरवायची, मुदत ठरवायची आणि शेवटी काय साधलं ते तपासायचं. भारत सरकारने 2009 मध्ये ही पद्धत मंत्रालयांना लागू केली. प्रत्येक उद्दिष्टाला वजन आणि प्रत्येक निकषाला गुण देऊन मंत्रालयाची एकूण टक्केवारी काढली जायची. 2014 नंतर ती पद्धत मागे पडली.

महाराष्ट्रात याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे 2025 चा 100 दिवसांचा कार्यक्रम. 48 विभागांनी मिळून 902 मुद्दे हाती घेतले. 1 मे 2025 रोजी निकाल जाहीर झाला, तेव्हा त्यातले 706 म्हणजे 78 टक्के मुद्दे पूर्ण झाल्याचं सांगण्यात आलं. कार्यालयांसाठी वेगळे सात निकष होते. त्यांत संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारींचं निवारण, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी अशा गोष्टी होत्या. त्यांचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं. त्यानंतर 150 दिवसांचा कार्यक्रम आला.

संकेतस्थळ अद्ययावत झालं की नाही, हे कुणालाही उघडून पाहता येतं. रस्ता किती किलोमीटर झाला, दाखले किती दिवसांत मिळाले, हेही मोजता येतं. पण नियमन करणाऱ्या खात्याचं यश म्हणजे एखादी गोष्ट न घडणं. तस्करी झाली नाही, भेसळ झाली नाही, अपघात झाला नाही. न घडलेली गोष्ट रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. मग घडलेली गोष्ट लिहिली जाते, म्हणजे गुन्हे किती नोंदवले आणि माल किती पकडला.

गुन्ह्यांचा आकडा वाढला की त्याचा अर्थ काय?

समजा, एका वर्षी एखाद्या नाक्यावर गोवा दारूचे 40 गुन्हे नोंदले आणि पुढच्या वर्षी 60. याचा एक अर्थ असा की तपासणी चांगली झाली. दुसरा असा की तस्करीच वाढली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झालेल्या असू शकतात. आकडा तोच राहतो आणि त्यातून कुठला अर्थ खरा ते कळत नाही.

तस्करी वाढण्याचं कारण नाक्यापासून फार दूर असू शकतं. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. प्रतिलिटर 260 रुपयांपर्यंत उत्पादन मूल्य असलेल्या मद्यावर ते मूल्याच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट केलं. 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 205 रुपये ठरली. वर्षाला 14,000 कोटी रुपयांचा जादा महसूल मिळावा, हा हेतू होता. गोव्यात कर कमी असल्यामुळे दारू आधीच स्वस्त आहे. इकडे किंमत वाढली की प्रत्येक बाटलीमागे तस्कराला सुटणारा पैसा वाढतो. नाक्यावरच्या शिपायाने कालच्याइतकंच काम केलं, तरी जास्त गाड्या सापडू शकतात.

म्हणजे एकाच विभागाचं एक उद्दिष्ट महसूल वाढवण्याचं आणि दुसरं तस्करी रोखण्याचं. पहिलं गाठण्यासाठी घेतलेला निर्णय दुसरं अवघड करतो. वर कागदावर मात्र गुन्ह्यांचा आकडा वाढल्यामुळे दोन्ही साधल्यासारखी दिसतात.

आणि आकडा शून्यावर आला तर?

एखाद्या महिन्यात खारेपाटणला एकही गाडी सापडली नाही, तर तस्करी थांबली असं म्हणता येईल का? एक शक्यता ती आहे. दुसरी, तपासणी नीट झाली नाही. तिसरी शक्यता नकाशावर दिसते. खारेपाटणच्या थोडं अलीकडे तळेरे आहे. तिथून वैभववाडी, करूळ घाट आणि गगनबावडामार्गे कोल्हापूरला जाता येतं. त्याआधी फोंडा घाटाचा रस्ता आहे आणि सावंतवाडीहून आंबोली घाटाचा. खारेपाटणला तपासणी कडक झाल्याची खबर लागली, तर गाडी घाट चढून निघून जाते. खारेपाटणचा आकडा खाली येतो, दारू मात्र पोचायची तिथे पोचते.

उलटही होतं. करूळ घाट 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता. तो बंद असताना किंवा पुन्हा सुरू झाल्यावर कुठल्याही नाक्यावरचा आकडा बदलला असेल, तर त्याचं श्रेय किंवा दोष तिथल्या कर्मचाऱ्यांना देणं चुकीचं ठरेल.

'मुद्देमालाची किंमत' हा निकष बरा नाही का?

तो मोठा दिसतो, म्हणून बातमीत तोच येतो. पण मुद्देमालात दारूबरोबर ती वाहून नेणाऱ्या गाडीची किंमतही धरली जाते. समजा, 12 लाखांच्या मोटारीत 30 हजारांची दारू सापडली. मुद्देमाल झाला 12 लाख 30 हजारांचा. दुसरीकडे 3 लाखांच्या जुन्या टेम्पोत 6 लाखांची दारू सापडली, तर मुद्देमाल 9 लाखांचा. दुसऱ्या कारवाईत वीसपट दारू पकडली गेली, तरी आकड्यात पहिली कारवाई मोठी ठरते.

गुन्ह्यांच्या संख्येतही असाच पेच आहे. विभागाच्या नोंदींत 'वारस' आणि 'बेवारस' असे दोन प्रकार असतात. आरोपी सापडला तर वारस गुन्हा, नुसता माल सापडला तर बेवारस. झाडीत टाकलेले चार बॉक्स उचलून आणले तरी एक गुन्हा नोंदतो. महिनाभर माग काढून माल पुरवणाऱ्याला पकडला तरी एकच. महिनाअखेर संख्या दाखवायची असेल, तर माणूस कुठलं काम आधी करेल हे सांगायला नको. त्यासाठी कुणी खोटं वागण्याचीही गरज नाही. मोजलं जातं त्या कामाकडे वेळ आपोआप वळतो.

गुन्हा नोंदल्यानंतरचं काम तर या आकड्यात येतच नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालचा खटला टिकायचा, तर पंचनामा नीट लागतो, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, अहवाल वेळेत यावा लागतो, पंच न्यायालयात उभे राहावे लागतात. यातली एक कडी तुटली की आरोपी सुटतो. पण तो निकाल यायला कित्येकदा वर्षं लागतात. तोवर गुन्हा नोंदवणारा अधिकारी बदलून गेलेला असतो आणि त्या वर्षाचे गुण केव्हाच दिले गेलेले असतात.

मग मोजायचं तरी कसं?

तस्करी किती होते हे जाणून घ्यायचं असेल, तर संशयावरून थांबवलेल्या गाड्यांचा आकडा उपयोगाचा नाही. त्यासाठी काही गाड्या संशय नसतानाही, ठरलेल्या क्रमाने तपासाव्या लागतात. समजा, दर पन्नासावा ट्रक थांबवायचा ठरलं आणि दिवसाला 20 ट्रक उघडून पाहिले. तीन महिन्यांत 1,800 ट्रक होतील. त्यांत 9 ट्रकमध्ये दारू सापडली, तर प्रमाण अर्धा टक्का. पुढच्या तिमाहीत तेवढ्याच तपासणीत 2 सापडले, तर काहीतरी खरंच बदललं असण्याची शक्यता आहे. पण 9 चे 7 झाले, तर तो नुसता योगायोगही असू शकतो. इतक्या लहान आकड्यावर कुणाला शाबासकी किंवा मेमो देणं योग्य नाही. शिवाय ही तपासणी घाटरस्त्यांवरही करावी लागेल, नाहीतर गाड्या वाट बदलतील आणि खारेपाटणचं प्रमाण सुधारल्यासारखं दिसेल.

याला खर्च आहे. भरलेला ट्रक उघडून पाहायला अर्धा तास धरला, तर 20 ट्रकांना दहा तास लागतात. तेवढी माणसं आणि ट्रक बाजूला घ्यायला तेवढी जागा लागते. गणपतीत किंवा मे महिन्यात महामार्गावर रांगा लागतात, तेव्हा हे जवळजवळ अशक्य आहे. आणि बहुतेक तपासण्यांत काहीच सापडणार नाही, म्हणजे गुन्ह्यांच्या तक्त्यात हे दहा तास वाया गेलेले दिसतील.

आणखी एक खूण बाजारात मिळते. गोव्याची दारू रत्नागिरी-चिपळूणकडे चोरून किती रुपयांना विकली जाते, याची माहिती खबऱ्यांकडून कळते. वाहतूक खरोखर अवघड झाली असेल, तर तो भाव चढतो. जप्तीच्या बातम्या वाढूनही भाव जागचा हलला नाही, तर पकडलेला माल तस्कराने धंद्याचा नेहमीचा खर्च म्हणून सोडून दिला, असा अर्थ निघतो.

उद्दिष्टं देऊच नयेत का?

द्यावीत, पण कर्मचाऱ्याच्या हातात आहे त्याच गोष्टीची. ठरलेल्या क्रमाने तपासणी झाली का, पंचनाम्यात त्रुटी किती निघाल्या, नमुने किती दिवसांत प्रयोगशाळेत गेले, बेवारस मालाचा मालक शोधायचा प्रयत्न झाला का, हे नाक्यावरच्या माणसाला विचारता येतं. तस्करी कमी झाली का, हा प्रश्न त्याच्या आकड्यावरून सुटणार नाही. त्यात करांचे दर, घाटांची अवस्था आणि शेजारच्या राज्याचं धोरण येतं. तो प्रश्न विभागाला आणि सरकारला विचारायचा, आणि त्याचं उत्तर नाक्याच्या मासिक तक्त्याबाहेर शोधायचं.

म्हणून यापुढे जप्तीची बातमी वाचताना मुद्देमालाची रक्कम बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात. त्यात दारू किती आणि गाडीची किंमत किती, गुन्हा वारस की बेवारस, आणि अशाच जुन्या गुन्ह्यांत न्यायालयात शिक्षा किती झाल्या. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा त्याच बातमीत मिळतात. तिसरी क्वचितच सापडते, आणि कारवाईतून पुढे काय निष्पन्न झालं हे तीच सांगते.